मधल्या डागांची तारीख मागून मोजा

माझ्या भाचीला दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसले, आणि आज दुपारी तिने मला दोन गोष्टी एकदम पाठवल्या. एक, तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा निरोप : "उष्णता झाली असेल, धन्याचे पाणी पी." दुसरी, एका मैत्रिणीने तिला पाठवलेली चित्रफीत, जिच्यात एक हसतमुख मुलगी सांगत होती, की दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसले तर ते ओव्ह्युलेशनचे, म्हणजे बीज बाहेर पडतानाचे असतात, अजिबात काळजी करू नका. खाली भाचीचा प्रश्न होता, "मावशी, यातले खरे कोणते?" दोन्ही खोटे, हे उत्तर लिहिताना माझा जो संताप झाला, तो अजून उतरलेला नाही. (हे लिहायला भाचीची परवानगी आहे. तिच्या आईची घ्यायची राहिली आहे.)

बहिणीवर मी फारशी रागावत नाही, कारण "उष्णता" हा शब्द आमच्या घरात तोंड आल्यापासून अंगावरून जाण्यापर्यंत सगळ्याला पुरत आला आहे. राग त्या चित्रफितीचा आहे, कारण ती अर्धी खरी आहे आणि त्याच अर्ध्या सत्याने एकदा माझे पाच महिने खाल्ले आहेत.

मला तिशीपासून अधूनमधून, दोन पाळ्यांच्या मध्ये, डाग दिसत असत. फिकट गुलाबी किंवा चहाच्या पाण्यासारखे तपकिरी, दिवसभरात दोन-चार थेंब, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्याच सुमारास अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव असे आणि ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ येई. माझ्या डॉक्टरांनी तेव्हा गोळी न देता मला कॅलेंडर आणायला सांगितले होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी पाळीला गोल करते आणि डागांना टिंब देते. त्यांनी पेन हातात घेतले आणि पाळीच्या गोलापासून उलटे मोजायला सुरुवात केली.

पाळी ३ मार्चला, टिंब २० मार्चला, पुढची पाळी ३ एप्रिलला. मग टिंब २२ एप्रिलला आणि पुढची पाळी ६ मे रोजी. पुढून मोजले तर पहिले टिंब अठराव्या दिवशी पडते आणि दुसरे विसाव्या दिवशी, त्यामुळे चौदाव्या दिवसाचे गणित घोकलेल्या बाईला दोन्ही चुकीचे वाटतील. पुढच्या पाळीपासून मागे मोजले, तर दोन्ही वेळा बरोबर चौदा दिवस. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ एकाच बाईच्या बाबतीत सहसा फारसा हलत नाही, तो साधारण बारा ते चौदा दिवसांचा असतो. लांबते किंवा आखडते ते त्याच्या आधीचे दिवस. म्हणून डाग ओव्ह्युलेशनचे होते का, हे पुढची पाळी आल्यावरच नीट कळते, आणि तेही एका महिन्यात नव्हे, दोन-तीन महिने टिंबे दिल्यावर.

तो डाग का पडतो, हेही त्यांनी समजावले होते. महिन्याच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन वाढत जाते आणि त्याच्या आधारावर गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन शिगेला पोहोचून एकदम खाली येते, आणि पुढची जबाबदारी घेणारे प्रोजेस्टेरोन अजून पुरेसे वाढलेले नसते. या मधल्या थोड्या वेळात अस्तराचा आधार ढिला पडतो व त्याचा थोडासा अंश सुटतो. प्रोजेस्टेरोन चढले की डाग थांबतात, म्हणूनच ते एक-दोन दिवसांपलीकडे सहसा जात नाहीत आणि त्यांनी पॅड भिजत नाही.

हे सगळे मला पाठ होते, आणि नेमके तेच मला नडले. एकोणचाळिसाव्या वर्षी टिंबांची जागा बदलली, ती माझ्याच हाताने कॅलेंडरवर उमटत होती, आणि तरी मी पाच महिने "आपले नेहमीचेच" म्हणत राहिले. १ सप्टेंबरला पाळी आली. ९ तारखेला डाग, पुन्हा २४ तारखेला डाग, आणि पुढची पाळी २ ऑक्टोबरला. मागून मोजा : एक टिंब तेवीस दिवसांवर, दुसरे आठ दिवसांवर. एका महिन्यात दोनदा, लाल, ताजे, आणि दोन्ही वेळा नवऱ्याबरोबर संबंध झाल्याच्या दुसऱ्या सकाळी. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा कोणालाही सांगितले नव्हते, डॉक्टरांनासुद्धा नाही. माझ्यासारख्या, चारचौघींत मोकळेपणाने बोलणाऱ्या बाईची ही गत!

शेवटी गेले तेव्हा त्यांनी आधी लघवीची गर्भचाचणी केली, आणि मग चिमट्यासारखे उपकरण लावून आत पाहिले. गर्भाशयमुखातून मटाराच्या दाण्याएवढी लालबुंद गाठ लोंबत होती. पॉलिप. ती त्यांनी तिथेच पिरगाळून काढली, तपासणीसाठी पाठवली, गर्भाशयमुखाची पॅप चाचणी केली आणि सोनोग्राफी लिहून दिली. गाठ साधी निघाली. पण संबंधानंतर रक्त दिसणे हे गर्भाशयमुखाच्या संसर्गाचे आणि कर्करोगाचेही लक्षण असू शकते, हे त्यांनी मला त्या दिवशी ऐकवले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता.

मान्य आहे, मधले डाग पुष्कळदा निरुपद्रवीच असतात आणि प्रत्येक थेंबाला घाबरून दवाखाना गाठण्याची गरज नाही. पण "निरुपद्रवी" हा शब्द तारीख, प्रमाण आणि सोबतची लक्षणे पाहून मग वापरायचा असतो. डाग महिन्यात कुठेही, वारंवार पडत असतील, तीन दिवसांहून जास्त टिकत असतील, दुर्गंधीचा स्राव किंवा ताप असेल, तर ते ओव्ह्युलेशन म्हणून खपवू नका. पाळी चुकलेली असताना डाग आणि एका बाजूला तीव्र दुखणे असेल, भोवळ येत असेल, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते आणि तिथे कॅलेंडर मोजत न बसता त्याच तासाला रुग्णालयात जायचे. पाळी कायमची थांबल्यावर दिसलेला डाग तर ओव्ह्युलेशनचा असूच शकत नाही.

आणि आता भाची. ती अनियमित पाळीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या घेते, आणि हे त्या चित्रफितीतल्या मुलीने विचारलेच नव्हते. या गोळ्या नियमित घेतल्यावर बीज बाहेर पडणेच बहुधा थांबते; मग ओव्ह्युलेशनचा डाग येणार कुठून? गोळ्या सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग दिसू शकतात, आणि गोळी चुकली की संप्रेरक खाली येऊन अस्तर सुटते. मी तिला एवढेच विचारले, "चुकल्या आहेत का गं?" तिने "नाही" असे लिहिले. मग दहा मिनिटांनी पाकिटाचा फोटो आला. डाग अकराव्या गोळीच्या दिवशी पडले होते, आणि नवव्या व दहाव्या गोळीचे कप्पे न फोडता तसेच होते. खाली लिहिले होते, "मावशी, लग्नाला गेले होते ना, पाकीट घरीच राहिले."

आता माझा राग थोडा निवला आहे. तिने डॉक्टरांना फोन केला आहे, त्यांनी पुढच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितले आणि शुक्रवारी बोलावले आहे. धन्याचे पाणी ती पिते आहे, आईला बरे वाटावे म्हणून.