हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला तर एक कोटी? भाच्यासोबत केलेला हिशोब

माझा भाचा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नाही. म्हातारपणासाठी स्वतःचीही वेगळी तजवीज हवी. गेल्या रविवारी तो मोबाइल घेऊनच घरी आला. "मामा, एक कोटी व्हायलेत बघा वीस वर्षांत."

कोणीतरी त्याला ॲपवर हिशोब करून दिला होता. म्युच्युअल फंडात महिन्याला ५,००० रुपयांची एसआयपी, दरवर्षी हप्त्यात १० टक्के वाढ, परतावा १२ टक्के, मुदत २० वर्षं. खाली आकडा होता ९९ लाख ४४ हजार. वाढ न करता ५,०००च ठेवले तर ४९ लाख ९६ हजार. म्हणजे दुप्पट.

मी वही काढली. माझा आकडा ९३ लाख १६ हजार आला, सव्वासहा लाखांनी कमी. दोघांपैकी कोणाचं गणित चुकलेलं नव्हतं. ॲपनं १२ टक्क्यांना १२ नं भागून महिन्याला १ टक्का धरला होता. पण महिन्याला १ टक्का चक्रवाढीनं वर्षाचे १२.६८ टक्के होतात. म्युच्युअल फंडाचा परतावा आपण वाचतो तो वर्षाचा असतो. वर्षाला १२ म्हणायचं तर महिन्याला ०.९५ टक्क्यांच्या आसपास धरावं लागतं. माझ्या मते ॲपनं वरचा आकडा दाखवणं योग्य नाही, कारण माणूस त्याच आकड्यावर घरात शब्द देऊन बसतो.

ज्याला स्वतः पडताळायचं आहे त्यानं एक्सेल उघडावं. मोठं सूत्र लागत नाही. शिवाय त्या सूत्रात परताव्यातून वाढीचा दर वजा करून भागतात, त्यामुळे दोन्ही दर सारखे असले की शून्यानं भागाकार येतो आणि ते अडतं. त्यापेक्षा वर्षावर वर्ष चढवत गेलेलं बरं. B मध्ये त्या वर्षाच्या बारा हप्त्यांचे वर्षअखेर झालेले पैसे, C मध्ये एकूण साठा.

```
B2: =FV(1.12^(1/12)-1,12,-5000,0,1)
C2: =B2
B3: =B2*1.1
C3: =C2*1.12+B3
```

तिसरी ओळ २१ व्या ओळीपर्यंत खाली ओढायची. पहिल्या वर्षअखेरीला ६३,८३२ दिसले आणि शेवटी ९३ लाख १६ हजार, तर बरोबर जमलं.

हे करताना जे दिसलं त्यासाठीच ही पोस्ट लिहितोय.

साध्या एसआयपीत पहिल्या वर्षाचे हप्ते शेवटी साडेपाच लाख होतात आणि विसाव्या वर्षाचे जेमतेम ६४ हजार. म्हणून सगळे सांगतात की लवकर सुरू करा, नंतरच्या पैशाला वाढायला वेळच मिळत नाही. साध्या हप्त्यापुरतं ते खरं आहे. तिथं माझ्या हिशोबानं होणाऱ्या ४६ लाखांपैकी शेवटच्या दहा वर्षांच्या हप्त्यांचा वाटा फक्त ११ लाखांचा.

वाढत्या हप्त्यात तसं होत नाही. पहिल्या वर्षाचे साडेपाच लाख, दहाव्या वर्षाचे ४ लाख ६७ हजार, विसाव्या वर्षाचे ३ लाख ९० हजार. जवळपास सारखेच! पैसे एक वर्ष उशिरा आले की १२ टक्क्यांची एक वाढ हुकते, पण तोवर हप्ता १० टक्क्यांनी मोठा झालेला असतो. फरक उरतो वर्षाला दोन टक्क्यांहून कमी. म्हणून ९३ लाखांपैकी ४२ लाख शेवटच्या दहा वर्षांच्या हप्त्यांतून येतात. भाचा एक कोटी म्हणत होता त्यातला जवळजवळ अर्धा पैसा दहा वर्षांनंतरच्या पगारातून यायचा आहे.

आता त्याच्या घरात ती वर्षं कशी असतील ते बघा. मुलगी आज चार वर्षांची आहे. एसआयपीच्या तेराव्या वर्षी ती अकरावीत जाईल, आणि लातूरमध्ये राहणाऱ्या माणसाला अकरावी-बारावी आणि नीट म्हणजे काय खर्च असतो ते सांगायला नको. क्लासची फी, खोली, मेस. नेमका त्याच वर्षी त्याचा हप्ता १५,६९२ झालेला असेल आणि पुढच्या वर्षी १७,२६१. पगाराची वार्षिक वाढ मूळ वेतनाच्या ३ टक्के, वर महागाई भत्ता. हप्ता मात्र न चुकता १० टक्क्यांनी चढतोय. ओढाताण तिथं होणारच.

अशा वेळी माणसं एसआयपीच बंद करून टाकतात. मी दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. बारावीपर्यंतची ती दोन वर्षं हप्ते पूर्ण बंद ठेवले आणि पंधराव्या वर्षी ठरलेल्या मोठ्या रकमेनं पुन्हा सुरू केले, तरी शेवटी पावणेनऊ लाखांच्या आसपास कमी पडतात. हप्ता बंद न करता फक्त वाढ दोन वर्षं थांबवली, म्हणजे बाराव्या वर्षाचे १४,२६६ तसेच चालू ठेवून पंधराव्या वर्षापासून पुन्हा १० टक्के वाढवत नेले, तर कमी पडतात ५ लाख ४१ हजार. हे जमण्यासारखं आहे. दहाव्या वर्षानंतर वाढ कायमची थांबवली तरी ७७ लाख होतात. वाढ थांबली तरी चालतं, हप्ता तुटू द्यायचा नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

अडचण अशी की फॉर्मवर टॉप-अपची खूण केली की वाढ आपोआप होत जाते, आणि मध्येच ती बदलायची तर बऱ्याच ठिकाणी जुनी एसआयपी रद्द करून नवी करावी लागते. म्हणून मला दुसरी पद्धत जास्त पटते. ५,००० ची एसआयपी तशीच राहू द्यायची आणि दर जुलैला, वेतनवाढ हातात पडली की, वाढीच्या रकमेची वेगळी छोटी एसआयपी सुरू करायची. दुसऱ्या वर्षी ५००, तिसऱ्या वर्षी ५५०. हिशोब तोच होतो. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी नवी करायची नाही, जुन्या कशालाच हात लागत नाही. जुलै लक्षात ठेवावा लागतो, एवढंच.

आणि ही बारा टक्के धरलेली आहेत, कोणी लिहून दिलेली नाहीत. महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे ९३ लाख म्हणजे आजचे २९ लाख. भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. त्याच्या बायकोनं विचारलं, "मामा, मग करावं का नाही?" करायचंच. ५,००० वर अडून राहिलं तर तेच आजच्या भावात १४ लाख होतात.

निघता निघता मी त्याला बँकेचं मँडेट दाखवायला सांगितलं. हप्ता कापायची परवानगी देताना त्यात कमाल रक्कम लिहिलेली असते. त्यानं १०,००० लिहिली होती. फॉर्मवर टॉप-अप केलं असतं तर आठव्या वर्षी हप्ता ९,७४४ आणि नवव्या वर्षी १०,७१८. म्हणजे नवव्या वर्षीचा पहिलाच हप्ता मँडेटच्या मर्यादेत बसला नसता. विसाव्या वर्षाचा हप्ता ३०,५८० आहे. सोमवारी त्यानं ४०,००० चं नवं मँडेट भरलं.