पाच स्टार आणि सात इंचांची रेघ

प्रशिक्षण संपलं की फीडबॅक फॉर्म काढावाच लागतो. तो असा काढा की त्यातून कुणाला काही कळता कामा नये. आमच्याकडे सोलापुरात, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी हे करून दाखवलंय, म्हणून हक्कानं सांगतो.

विषय होता कापड तपासणी, फोर पॉइंट पद्धत. ताग्यावर दिसलेला दोष मोजायचा: 3 इंचांपर्यंत 1 पॉइंट, 3 ते 6 इंच 2, 6 ते 9 इंच 3 आणि त्याहून मोठा असेल तर 4. तपासनीस 27 जण. फॉर्मवर मी पाच प्रश्न टाकले आणि प्रत्येकापुढे पाच स्टार. पहिलाच प्रश्न, 'प्रशिक्षक व प्रशिक्षण साहित्य कसे वाटले?' हा 'व' सोडू नका. सर आवडले पण छापील कागद वाचता आला नाही, अशा माणसानं काय करावं? तो तीन स्टार देतो. सर बदलायचे की कागद, हे तुम्हाला कळत नाही. म्हणजे दोन्ही तसंच ठेवता येतं.

स्टारखाली शब्द लिहू नका. एक म्हणजे वाईट की उत्तम, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या एका मावशींनी एकच स्टार रंगवला. मी घाबरून विचारलं तर म्हणाल्या, "सर, एक नंबर झालं की ओ!" तरीही 22 जणांचे पाच, चौघांचे चार आणि मावशींचा एक, असं धरून सरासरी 4.7 आली. साहेबांनी ती फळ्यावर लिहायला लावली.

वेळेचंही भान हवं. शिफ्ट सुटताना, बस गेटवर हॉर्न मारत असताना फॉर्म वाटा. वरती नाव आणि टोकन नंबर लिहून घ्या, गोळा करायला प्रशिक्षकालाच उभं करा आणि फॉर्म दिल्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नका. दुपारी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर गोड ठेवलेलं असेल, तर चार स्टारच्या खाली कोण जातंय!

आता काय टाळायचं ते. 'पद्धत किती समजली?' हे विचारा, पण खाली असले पर्याय चुकूनही देऊ नका: 'उद्या तागा आला तर मी एकटा पॉइंट देऊ शकेन', 'तक्ता समोर असेल तर देऊ शकेन', 'शेजारी कुणीतरी सांगणारं लागेल', 'अजून सुरुवातही करता येणार नाही'. यात घोटाळा असा की 27 पैकी 14 जणांनी दुसरा पर्याय निवडला, तर प्रत्येक टेबलावर तक्ता लावणं भाग पडतं. 4.7 आल्यावर काहीच करावं लागत नाही.

त्याहून घातक म्हणजे नमुना देऊन विचारणं. ताण्याचा धागा तुटून 7 इंचांची रेघ पडली आहे, किती पॉइंट? मी हे फॉर्ममध्ये घातलं नाही, पण कुतूहल आवरेना. गेटबाहेर चहा पिताना तिघांना विचारलं. एक म्हणाला दोन, दुसरा म्हणाला चार, तिसरा म्हणाला, "आधी कापड तर दाखवा." उत्तर तीन. तिघांनीही पाच स्टार दिले होते. (चहाचे पैसे मीच दिले, हे हिशेबात धरलेलं नाही.)

तीन आठवड्यांनी परत विचारायला तर मुळीच जाऊ नका. 'गेल्या आठवड्यात किती तागे पॉइंट लावून तपासले?' आणि 'एकही नसेल तर कशामुळे अडलं?' या दोन प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी संध्याकाळी कुणाकडेच नसतात, कारण अडचण टेबलावर उभं राहिल्यावर कळते. तेव्हा विचारलं तर माणसं खरं सांगतात. मग ते खरं निस्तरायचं कोणी?

'इतर सूचना' हा रकाना मात्र ठेवा, दीड इंचाचा. 26 जणांनी तिथं 'छान' किंवा 'आभारी आहे' लिहिलं. एकानं बारीक अक्षरात लिहिलं, 'सर, दोन नंबर टेबलावर मोजपट्टी नाही, वरचा दिवा महिना झाला गेलाय.' या वाक्याची सरासरी काढता येईना, म्हणून मी ते एक्सेलमध्ये घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात हेच प्रशिक्षण पुन्हा आहे. साहेबांना 4.8 हवेत, म्हणून या वेळी श्रीखंड सांगितलंय.