विश्वासू माणसांसाठी: तोंडी ठरलेलं तोंडीच ठेवा

नव्या फ्लॅटच्या कपाटाचं मिस्त्रीशी सगळं ठरलं ना? चहाही झाला? मग आता ते लिहून पाठवायचा आगाऊपणा करू नका. समोरचा म्हणेल, "ताई, विश्वास नाही का आमच्यावर?" आणि या प्रश्नाला आजवर कोणालाही उत्तर सुचलेलं नाही.

अगदीच राहवत नसेल तर आठवडाभर थांबा. तोवर दोघांच्याही डोक्यात दोन वेगळी कपाटं तयार होतात.

लिहिलंच, तर "आपल्या चर्चेनुसार खालील बाबी नोंदवण्यात येत आहेत" अशी सुरुवात करा, म्हणजे मिस्त्रीला वाटेल नोटीसच आली.

आकडे मात्र चुकूनही लिहू नका. "१,४०० रुपये फूट" एवढंच हवेत राहू द्या. सात बाय सातचं कपाट, म्हणजे ४९ चौरस फूट, म्हणजे ६८,६००, असं तुम्ही मनात धरा. वरचा सात बाय दोनचा लॉफ्ट तुम्ही 'त्यातच' समजा, तो 'वेगळा' समजेल: आणखी १९,६००. मग बिलाच्या दिवशी कळेल की जीएसटी धरलेलाच नव्हता. ८८,२०० वर १८ टक्के, म्हणजे १५,८७६. झाले १,०४,०७६! आणि हे माप दर्शनी भागाचं होतं की आतल्या प्रत्येक फळीचं, हा वाद तर अजून सुरूच झालेला नाही. प्लाय 'चांगला' ठरला होता. चांगला म्हणजे आयएस ३०३ चा नेहमीच्या वापराचा की आयएस ७१० चा पाण्यात टिकणारा, हे विचारणं म्हणजे तर उघड अपमानच!

पुरे झालं. अहो, एवढं नुकसान सोसून कसली माणुसकी जपताय? त्याच संध्याकाळी, ॲडव्हान्स पाठवायच्या आधी लिहा. पैसे जाणार आहेत, म्हणून हिशेब लिहिला जातोय. यात कोणालाच संशय वाटत नाही. शंका घ्यायची ती स्वतःच्या आठवणीवर:

"दादा, आजचं माझ्यापुरतं लिहून ठेवलंय, चुकलं असेल तर सांगा. कपाट ७ बाय ७, लॉफ्ट ७ बाय २, दर्शनी मापाने १,४०० रुपये चौरस फूट, जीएसटी धरून एकूण ८८,२००. प्लाय आयएस ७१०. हँडल कोणी आणायचे ते ठरायचं राहिलंय. बरोबर असेल तर 'बरोबर' लिहा, लगेच ॲडव्हान्स पाठवते."

न ठरलेली गोष्टही लिहायची, कारण भांडण तिथेच होतं. उत्तर आलं नाही तर ते होकार समजून पैसे पाठवू नका. नुसता अंगठा आला तर, "मग जीएसटी धरूनच ना?" असं विचारा. फोन करून त्याने काही बदललं, तर फोन ठेवल्या ठेवल्या तेवढी एक ओळ पुन्हा पाठवा. आणि त्या चॅटमधले मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू आहे का, ते आधी बघा.