तीन शून्यं कुणी खाल्ली?

आज दुपारी शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन धावत आल्या. पोराला डेंग्यू झालाय आणि रिपोर्टचं मराठी कुणीतरी करून पाठवलेलं: 'प्लेटलेट – ९८ पेशी प्रति मायक्रोलिटर'. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी मूळ कागद बघितला. आकडा ९८, पण शेजारच्या रकान्यात 10^3/µL. म्हणजे अठ्ठ्याण्णव हजार! एककातला 'हजार' भाषांतर करणाऱ्यानं सरळ गाळला. डोकंच फिरलं माझं.

आमच्या आप्पांचं आठवलं. तेही इथंच, सांगलीत. पहिल्या दिवशी एका लॅबचा रिपोर्ट १.१२, एकक लाख. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबचा ९८. धाकट्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'एकवरून थेट अठ्ठ्याण्णव, पेशी वाढल्या!' काकूंनी देवापुढं साखर ठेवली. खरं तर एक लाख बारा हजारांच्या अठ्ठ्याण्णव हजार झाल्या होत्या. उतरल्या होत्या! दोन मशिनांत थोडा फरक पडतो, मान्य. पण आम्ही तर उतरण्याला वाढ समजून बसलो होतो. संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनानं शून्यं लिहिली, आणि सगळे गप्प झालो.

त्यात आपल्याकडं प्लेटलेटलाच लोक 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. आप्पांच्या पहिल्या रिपोर्टवर खऱ्या पांढऱ्या पेशी ३.२ होत्या, हजारात. म्हणजे बत्तीसशे, चार ते अकरा हजार असायला हव्यात. वरच्या ओळीत लाख बघितलेल्या धाकट्यानं त्या 'तीन लाख वीस हजार' वाचल्या. एकाच कागदावर एक ओळ लाखात, दुसरी हजारात, आणि दोन्हीकडं तोच दशांशाचा ठिपका. माणसानं करायचं काय?

लॅबचा आकडा आणि एकक बदलू नये, डॉक्टर तेच बघतात, हे कबूल. मग ते ठेवा की तसंच! पण शेजारी मराठीत पूर्ण आकडा शून्यांसकट लिहा, अक्षरांतही लिहा. १.१२ लाख आणि ११२ हजार, दोन्हीपुढं '१,१२,००० – एक लाख बारा हजार' एवढंच आलं पाहिजे. कुठं cumm असतं, कुठं µL. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर एकच, तिथं गुणाकार करत बसू नका. गोंधळ असतो तो पुढच्या हजार-लाखाचा.

आता जरा शांत झालोय. ज्यानं ते मराठी केलं, त्यानं मदत म्हणूनच केलं असणार.

वहिनींच्या कागदावर मी '९८,००० – अठ्ठ्याण्णव हजार' लिहून दिलं. त्यांनी सुस्कारा सोडला. मग विचारलं, "दादा, काल दुसरीकडं १.४ होतं, ते किती?"

"लाखात असेल तर एक लाख चाळीस हजार."

कालचा कागद काढून एकक बघितलं. लाखच होतं. वहिनी दोन्ही आकडे बघत राहिल्या. "म्हणजे उतरल्यात," म्हणाल्या, आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.