मोजून लावलेलं टार्गेट नफा खातं का?

"टार्गेट लावणारा कायम चिल्लरच कमावतो. शेअर पळत असेल तर पळू द्या, विकायची वेळ तो स्वतःच सांगतो. आणि टार्गेट म्हणजे शेवटी अंदाजच, मग लावायचं कशाला?" लातूर-परभणीकडच्या ट्रेडिंग ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज एका मित्राने पाठवला आणि मत विचारलं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते निम्मं खरं आहे. टार्गेट अंदाजच असतं. पण तो मोजून काढता येतो, आणि सौदा घ्यायचा की सोडायचा हे त्यावरच ठरतं. समजा, एक शेअर सहा आठवडे 400 ते 430 च्या पट्ट्यात अडकला होता आणि आज मोठ्या व्हॉल्यूमने 433 ला बंद झाला. पट्ट्याची उंची 30 रुपये. ती 430 वर चढवली की 460 येतात. हा मेजर्ड मूव्ह. आता 14 दिवसांचा एटीआर बघा, म्हणजे कालच्या बंद भावापासूनचा गॅप धरून शेअर दिवसाला सरासरी किती हलतो ते. तो 8 रुपये आहे. स्टॉपलॉस दीड एटीआर खाली, 421 ला. जोखीम 12 रुपये, मिळकत 27. असे दहा सौदे घेतले आणि चारच लागले तरी 108 रुपये येतात, सहा फसलेल्यांत 72 जातात. ब्रोकरेज आणि कर वजा करूनही काही उरतं.

आता याच चार्टवर 445 ला जुना उच्चांक असेल, जिथून शेअर दोनदा माघारी फिरलाय, तर टार्गेट 444 वर आणावं लागतं. मग 12 रुपयांच्या जोखमीवर 11 रुपये. हा सौदा घ्यायचाच नाही. टार्गेट न काढणाऱ्याला हे कळतच नाही, त्याला दोन्ही चार्ट सारखेच "ब्रेकआउट" दिसतात.

एटीआर आणखी एक गोष्ट सांगतो. 27 रुपये म्हणजे जवळपास साडेतीन एटीआर. म्हणून साडेतीन दिवसांत 460 येईल असं नाही. भाव पुढे-मागे करत चालतो, त्यामुळे चौपट दिवसांत अंतर साधारण दुप्पटच कापलं जातं. ब्रेकआउटला जोर नसेल तर नेहमीच्या चालीने इतकं अंतर कापायला तीन-चार आठवडे सहज लागू शकतात. याच आठवड्यात 460 धरून ऑप्शन घेणाऱ्याची दिशा बरोबर असूनही पैसे जातात, ते इथे.

"विकायची वेळ तो स्वतःच सांगतो" हे वाक्य मराठवाड्यात तरी कुणी बोलू नये. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, आणि नवं पीक बाजारात येताच भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढच्या हंगामांत कितीतरी घरांत "पुन्हा दहा होईल" म्हणून पोती थप्पीला लागून राहिली. भाव वर असताना विक म्हणून कुणी सांगत नाही, उलट थांबावंसंच वाटतं. (त्याच वर्षी डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, म्हणून वरचं उदाहरण शेअरचं घेतलं.)

राहिला पहिला आक्षेप, आणि तो खरा वजनदार आहे. ठरलेलं टार्गेट मोठी धाव कापतं, यात शंका नाही. ट्रेंडवर जगणारे लोक दहापैकी सहा-सात सौद्यांत थोडं थोडं गमावतात आणि एक-दोन लांब धावांवर वर्ष काढतात. पण ते "पळू द्या" म्हणत बसत नाहीत, त्यांच्याकडेही मोजलेला नियमच असतो. सर्वांत वरच्या भावापासून तीन एटीआर खाली सरकता स्टॉप, हा त्यातला रुळलेला. आपल्या उदाहरणात दोन्ही जमवता येतं. अर्धे शेअर 459.50 ला विकायला लावा. पूर्ण 460 ला विकणाऱ्यांची रांग असते आणि भाव तिथे टेकण्याआधीच फिरू शकतो. उरलेल्या अर्ध्यांना 24 रुपयांचा सरकता स्टॉप. भाव 460 ला पोहोचला तर स्टॉप 436 वर येतो, म्हणजे खरेदीच्या वर. 500 झाला तर 476. मोठा गॅप पडला तर त्याहून खाली विक्री होईल, तेवढा धोका राहतोच.

हे सगळं बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: सौदा चालू असताना टार्गेट हलवलं जातं. तिमाही निकालाच्या दिवशी शेअर जोरात हलला की एटीआर फुगतो, 8 चा 11 होतो, आणि तेच साडेतीन एटीआर नव्या आकड्याने मोजून टार्गेट वर नेण्याचा मोह होतो. खरेदीच्या दिवशीचा एटीआर वहीत लिहून ठेवा आणि टार्गेटसाठी तोच वापरा. आकडा बदलायचं रास्त कारण म्हणजे बोनस किंवा स्प्लिट. एकास एक बोनस झाला की 460 चे 230 होतात, 421 चे 210.50, आणि ब्रोकरकडे आधीच लावून ठेवलेली जुनी जीटीटी ऑर्डर काढून नवी लावावी लागते.