हे सिंक कर

जुळे सोलापुरातून मामांनी व्हॉट्सॲपवर सबटायटलची एक `.srt` फाइल पाठवली. खाली एकच ओळ: "हे सिंक कर." सिनेमा कुठला, व्हिडिओ कुठला, बिघडलंय काय, पत्ता नाही. शिंप्याकडे नुसती बटणं पाठवून सदरा शिवायला सांगावं, तसं.

मी राहतो सात रस्त्याला. उन्हात तिकडं जाण्यापेक्षा फोन बरा.

"मामा, अक्षरं पुढं पळतायत की मागं राहतायत?"

"पळतायत की बे! खुनी गुन्हा कबूल करतोय अन् मयत अजून जेवतोय."

"सुरुवातीपासून?"

"सुरुवातीला थोडंसंच. मग वाढतच जातं."

अख्ख्या फोनात कामाचं वाक्य हेच. फरक शेवटपर्यंत सारखा असता, तर व्हीएलसीमध्ये H दाबून अक्षरं मागं सरकवली की काम झालं असतं. मामांचं ते दाबून झालं होतं; दोन संवाद जमले, पुन्हा तेच. फरक वाढतोय म्हणजे वेगच वेगळा. युरोपातल्या टीव्हीसाठी सिनेमा सेकंदाला २५ चित्रांनी पळवतात, म्हणून तो लवकर संपतो. मामांचा व्हिडिओ बहुधा २३.९७६ चा आणि फाइल त्या पळवलेल्या सिनेमाची. अशी जोडी जमली की तासाला साधारण अडीच मिनिटांचा घोळ होतो.

'बहुधा'वर भागत नाही. पहिला आणि शेवटचा संवाद व्हिडिओत नेमका कधी ऐकू येतो, तेवढं मामांना विचारलं. पहिला लगेच सांगितला: १ मिनिट १५ सेकंद. फाइलमध्ये मात्र:

```
1
00:01:12,000 --> 00:01:14,500
कोण आहे तिकडं?
```

शेवटच्या संवादासाठी मामा सिनेमा पुढं नेत गेले आणि तिथंच रमले. "थांब, बायकोनंच मारलंय वाटतं!" मी फोन धरून बसलो. मागून मामी म्हणाल्या, "शेवट सांगू नका, मला बघायचाय." बऱ्याच वेळानं आकडा आला: १ तास ५४ मिनिटं ४२ सेकंद. फाइलमध्ये तोच संवाद १ तास ५० मिनिटांवर होता.

दोन संवादांमधलं अंतर व्हिडिओत ६८०७ सेकंद, फाइलमध्ये ६५२८. भागाकार १.०४२७. २५ भागिले २३.९७६ केलं तरी हेच येतं. चोर सापडला! सबटायटल एडिट नावाच्या प्रोग्राममधल्या Point sync मध्ये दोन्ही जागा दिल्या, की मधल्या सगळ्या ओळी त्याच हिशेबानं ताणल्या जातात.

तरी मधला एक संवाद तपासायला लावला. दोन्ही टोकं जुळून मधलाच चुकला, तर व्हिडिओत एखादा प्रसंग कापलेला किंवा वाढवलेला असतो. मग ताणून काही होत नाही. कापलं त्या जागेपासून पुढच्या ओळी वेगळ्या सरकवाव्या लागतात. सुदैवानं मधला जुळला.

रात्री मामांचा मेसेज आला: "आता बरोबर आहे. पण अक्षर बारीक काढलंयस."