हातातला मोबाईल काढून गुलाब: एका अभिप्रायाला आमचं उत्तर

अभिप्राय (२ तारे): "आईच्या फोटोत तिच्या हातात मोबाईल होता. तो काढून गुलाब ठेवा, एवढंच सांगितलं होतं. आधी बहिणीच्या हाताचा फोटो मागितला, तोही दोनदा काढायला लावला. शेवटी आलेल्या फोटोत हातच बदललाय, दोन बोटं आईची वाटतच नाहीत. आई आता नाही, म्हणून जास्त लागतं. साधं काम उगाच वाढवलं."

नमस्कार ताई,

हा फोटो रोज तुमच्या डोळ्यांसमोर राहणार आहे. त्यात आईंची बोटं परकी वाटली तर ते सलणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ फोटोत मोबाईल आईंच्या उजव्या तळहातावर जवळपास आडवा आहे. अंगठा त्याच्या एका कडेवर, पलीकडच्या कडेवरून तीन बोटांची टोकं वर आलेली. मोबाईलची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर असते, म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं यांच्यात तेवढंच अंतर आहे. गुलाबाचा देठ जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड. मोबाईल पुसून तिथे नुसता गुलाब ठेवून मी आधी पाहिलं. अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे आणि देठ मध्येच, कुणाचाच स्पर्श नसलेला. फूल हवेत तरंगतं आणि हात कशालातरी धरायचं विसरल्यासारखा दिसतो.

देठ धरताना हाताची ठेवणच वेगळी होते. अंगठ्याचा गुबगुबीत भाग तर्जनीच्या पेराला कडेने टेकतो, मधलं बोट खालून आधार देतं, उरलेली दोन बोटं सैल होऊन तळव्याकडे वळतात. प्रत्येक सांध्याचा कोन बदलतो. मूळ बोटंच थोडी वाकवून घेता आली असती, असं वाटणं साहजिक आहे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ते जमतंही. पण बोट खरोखर दुमडलं की त्याची वेगळीच बाजू समोर येते: नख तिरपं होतं, सांध्यावरच्या सुरकुत्या ताणून सपाट होतात, आतल्या बाजूला कातडीची घडी पडते. फोटोतली कातडी ओढून ही न दिसलेली बाजू तयार होत नाही, बोट फक्त रबरासारखं लांबतं.

शिवाय आईंची तर्जनी मोबाईलखाली पूर्ण झाकलेली होती आणि मधल्या बोटाचं फक्त टोक दिसत होतं. देठ धरायला नेमकी हीच दोन बोटं अख्खी लागतात. तुम्हाला खटकलेली दोन बोटंही हीच आहेत आणि तुमची नजर अचूक आहे. अंगठा आईंचाच ठेवलाय, मुळाशी जरासा फिरवून. मागच्या दोन बोटांचा आकार तुमच्या बहिणीच्या हाताचा असला तरी वरची कातडी, डाग आणि रंग आईंच्या हातावरून घेतलेत. पण जे बोट फोटोत कधी आलंच नाही, ते त्या फोटोतून बाहेर काढणं कुणालाही शक्य नाही. म्हणून घरातल्याच कुणाचातरी हात मागितला. सख्ख्या लेकीच्या बोटांची ठेवण जुळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पहिला फोटो तुमच्या बहिणीने स्वतःच, हात लांब करून, जवळून काढला होता. कॅमेरा इतका जवळ असला की त्याच्याकडची बोटं जाड दिसतात आणि मनगट बारीक. असा हात आईंच्या मनगटाला लावला तर माप कुठेही धरा, काहीतरी एक चुकतंच. प्रकाशही उजवीकडून होता, आईंवर तो डावीकडच्या खिडकीतून येतो. सावली उलट्या बाजूला पडलेला हात कितीही सफाईने जोडला तरी चिकटवलेलाच वाटतो. म्हणून दुसऱ्या वेळी सांगितलं: दुसऱ्या कुणीतरी दोन मीटर लांबून, उभ्याने, झूम करून फोटो काढावा, खिडकी डावीकडे असावी आणि हातात खरा देठ असावा. देठाचा आग्रह मुद्दाम होता. रिकाम्या हाताने धरल्याचा आव आणला की बोटांची टोकं गोलच राहतात. खरं काही धरलं की ती दाबली जाऊन किंचित चपटी होतात आणि नखाखालचा रंग फिकट पडतो. धरल्यासारखं दिसतं ते याच्यामुळे.

जोड घड्याळाच्या पट्ट्याखाली घेतलाय, तिथे कातडीचा रंग बदलला तरी कळत नाही. वेळ मात्र त्यानंतरच्या कामात गेला. मोबाईलच्या पडद्याचा निळसर उजेड आईंच्या अंगठ्यावर आणि हनुवटीखाली पडला होता. मोबाईल गेला आणि तो उजेड राहिला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चेहरा आजारी वाटतो. तो निळेपणा काढून तिथे गालाचा रंग आणला. कपड्यांवरची मोबाईलची चौकोनी सावली काढून देठाची बारीक आणि फुलाची मऊ सावली घातली. अंगठा देठाला टेकतो तिथे एक अगदी अरुंद, गडद रेघ आहे. ती स्पर्शाच्या जागी ठसठशीत आणि पुढे विरत जाणारी हवी. ती वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर आहे. लेअर बंद केला की फूल लगेच हातापासून सुटतं, हवं तर दाखवीन.

तुम्ही स्वतःही तपासून बघा. मुठीच्या वरचा देठ आणि खालून बाहेर आलेला देठ यांच्यावर पट्टी ठेवा, दोन्ही एकाच रेषेत येतील. मग फोटो आडवा उलटा करून बघा. सवयीची नजर मोडली की चुकीचा सांधा किंवा जास्तीची फट पटकन दिसते. गुलाब थोडा खाली का, असंही कदाचित वाटेल. आईंची नजर मोबाईलवर होती. म्हणून फूल बरोबर तिथेच ठेवलं, नाहीतर आई फुलाच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिल्या असत्या.

आता पुढचं. आईंचा उजवा हात उघडा दिसणारा दुसरा कोणताही फोटो असेल, भाजी निवडताना, वाचताना, कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला, तर पाठवा. झूम केल्यावर सांध्यावरच्या सुरकुत्या आणि नखांचा आकार दिसला पाहिजे, एवढीच अट. मेसेजवर फिरून आलेला नको, त्यात हेच बारकावे पुसले जातात; मूळ फाईल मेलवर द्या. आमच्याकडे सगळे लेअर जपून ठेवलेत, त्यामुळे बाकी फोटोला हात न लावता फक्त त्या दोन बोटांवर आईंची नखं आणि सुरकुत्या आणता येतील. आकार तुमच्या बहिणीच्या बोटांचाच राहील, हे आधीच सांगतो.

आणि हात मुळीच बदलायला नको असेल, तर वस्तू बदलूया. मूळ पकड तशीच ठेवायची असेल तर साधारण मोबाईलच्याच रुंदीचं काहीतरी हवं: छोटं पुस्तक, किंवा कागदात गुंडाळून तळहातावर आडवा ठेवलेला फुलांचा जुडगा. तो मोबाईलइतकंच झाकतो, त्यामुळे न दिसलेली बोटं बनवावीच लागत नाहीत, आणि अंगठा, तिन्ही टोकं, मनगट, जे काही दिसेल ते सगळं आईंचंच असेल. फूलही राहील. यांपैकी काहीही ठरवलंत तरी त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. घरी बोलून कळवा.